इंडेक्स फंड की फंड मॅनेजर? पहिल्या एसआयपीचा हिशेब

ऑक्टोबर 2024 मध्ये देशातल्या लोकांनी एसआयपीतून म्युच्युअल फंडांत टाकलेली महिन्याची रक्कम पहिल्यांदाच 25 हजार कोटी रुपयांच्या वर गेली. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये महिना 250 रुपयांची एसआयपीही बाजारात आली. बँकेत पासबुक भरायला जा, मोबाइल उघडा किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये बसा, कुणीतरी एसआयपीचा विषय काढतोच. आमचा पन्हाळाही याला अपवाद नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो नुकताच शिक्षण सेवक म्हणून लागला आहे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन 2023 पासून 16 हजार रुपये झाले, आधी ते सहा हजार होते. त्याचे वडील गडावर पर्यटकांना मक्याची कणसे भाजून विकतात. घरात बचत म्हणजे आईची भिशी आणि थोडे सोने, एवढेच. सलाम-दुआ झाली, चहा झाला आणि त्याने पिशवीतून दोन कागद काढले.

"सर, बँकेतल्या सायबांनी हा फंड घे म्हणून सांगितलं. पाच वर्षांत लई चांगला गेलाय म्हणे. आणि माझा मित्र म्हणतोय, डोळे झाकून इंडेक्स फंड घे. मी महिन्याला दोन हजार टाकू शकतो. कुठला घेऊ?"

मी काही गुंतवणूक सल्लागार नाही. गणित शिकवणारा मास्तर आहे. पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांपैकी असल्यामुळे मला जुनी पेन्शन योजना लागू नाही. म्हातारपणाचा हिशेब स्वतःच मांडावा लागेल हे कळल्यापासून या विषयाची कागदपत्रे वाचायची सवय लागली. त्या दिवशी आम्ही दोघांनी वही घेऊन जे मांडले, तेच इथे वाचकांपुढे ठेवतो आहे.

दोन्हींत फरक काय?

दोन्ही फंड आपले पैसे कंपन्यांच्या शेअरमध्ये घालतात. फरक एवढाच की कोणते शेअर घ्यायचे हे कोण ठरवतो.

सक्रिय फंडात, म्हणजे ज्याला ॲक्टिव्ह फंड म्हणतात त्यात, एक फंड मॅनेजर असतो. त्याच्या हाताखाली अभ्यास करणारी माणसे असतात. कोणती कंपनी घ्यायची, कोणती विकायची, कधी थोडी रोकड हातात ठेवायची, हे तो ठरवतो. बाजारापेक्षा जास्त कमवून देणे हे त्याचे काम आणि त्यासाठी तो फी घेतो.

इंडेक्स फंडात असा कुणी ठरवणारा नसतो. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी 50 हा निर्देशांक म्हणजे मोठ्या 50 कंपन्यांची यादी आणि त्या यादीतले प्रत्येकीचे वजन. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, ही यादी ठरलेल्या नियमांनी तपासली जाते. कुणी आत येतो, कुणी बाहेर जातो. इंडेक्स फंड त्या यादीची नक्कल करतो. बाजार चढला की तो तेवढा चढतो, पडला की तेवढा पडतो. डोके लढवायचे नाही, म्हणून फी अगदी कमी.

माझ्या विद्यार्थ्याने लगेच विचारले, "म्हणजे सर, हुशार मॅनेजर असला तर त्याच्याकडेच दिलेलं बरं नव्हं?"

ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. पण खरा प्रश्न मॅनेजर हुशार आहे का, हा नाहीच. त्याची हुशारी त्याच्या फीपेक्षा जास्त आहे का, हा प्रश्न आहे.

बिल न येणारा खर्च

फंडाची फी टक्क्यांत असते. तिला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. शाळेच्या फीसारखी तिची पावती मिळत नाही, वीजबिलासारखे बिलही येत नाही. फंडाच्या युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, रोज जाहीर होते. ती जाहीर होण्याआधीच त्या दिवसाचा वाटा कापलेला असतो. त्यामुळे गुंतवणूकदाराला फी दिल्याचे कधी जाणवत नाही.

दुसरी गोष्ट डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनची. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवणे बंधनकारक आहे. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच. पण रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटाचे किंवा बँकेचे कमिशन धरलेले असते आणि ते दरवर्षी, तुम्ही गुंतलेले आहात तोवर कापले जाते. डायरेक्टमध्ये ते नसते.

ढोबळ मानाने सांगायचे तर निफ्टी 50 इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च वर्षाला 0.1 ते 0.3 टक्के असतो. सक्रिय फंडाचा डायरेक्ट प्लॅन अर्धा ते एक टक्का घेतो आणि त्याचाच रेग्युलर प्लॅन दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास जातो.

आता दोन हजारांची एसआयपी 20 वर्षे चालवली असे धरू. खिशातून गेले 4 लाख 80 हजार. बाजाराने खर्च वजा होण्याआधी वर्षाला 11 टक्के दिले असे मानू. हा 11 चा आकडा फक्त गणितासाठी घेतला आहे. बाजाराने कुणाला असे वचन दिलेले नाही.

इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन 0.2 टक्के कापतो. हातात 10.8 टक्के राहिले, तर 20 वर्षांनी साधारण 17 लाख 1 हजार रुपये होतात.

सक्रिय फंडाचा डायरेक्ट प्लॅन 0.8 टक्के कापतो. 10.2 टक्क्यांनी साधारण 15 लाख 72 हजार होतात.

सक्रिय फंडाचा रेग्युलर प्लॅन 1.8 टक्के कापतो. 9.2 टक्क्यांनी साधारण 13 लाख 81 हजार होतात.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात 3 लाख 20 हजारांचे अंतर आहे. 20 वर्षांत आपण खिशातून घातलेल्या सगळ्या रकमेच्या दोन तृतीयांश एवढे हे अंतर भरते. 1.6 टक्के ऐकायला किरकोळ वाटते. एक लाखावर वर्षाला 1600 रुपयेच ना, असे वाटते. पण कापलेले पैसे पुढे वाढायचे थांबतात, आणि त्यांच्यावरची वाढही जाते. चक्रवाढ आपल्या बाजूने चालते तशी आपल्या विरुद्धही चालते. आमच्या अंबरखान्यासारख्या कोठारातसुद्धा रोज मूठभर धान्य उंदरांनी नेले तर एका दिवसात कळणार नाही, उन्हाळ्यात मापे टाकताना कळेल.

हेच गणित उलट बाजूने वाचा. बँकेने सुचवलेल्या फंडाच्या मॅनेजरने इंडेक्स फंडाची नुसती बरोबरी करायची असेल तर त्याला बाजारापेक्षा दरवर्षी 1.6 टक्के जास्त कमवावे लागतील. एखाद्या वर्षी नव्हे, सरासरीने 20 वर्षे. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तो तेवढा मागे उभा असतो.

मॅनेजर मागे का पडतात?

अमेरिकेतले नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये एक साधे गणित मांडले. बाजारातले सगळे गुंतवणूकदार मिळून बाजार होतो. म्हणून शेअर निवडणाऱ्या सगळ्यांची सरासरी, खर्च धरण्याआधी, बाजाराएवढीच असणार. एकाने जास्त कमावले तर दुसऱ्याने तेवढे कमी कमावलेले असते. आता त्यातून फी वजा करा. सरासरी बाजाराच्या खालीच येणार.

या गणिताला आपल्याकडे एक पळवाट आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. फंड मॅनेजर एकमेकांशीच खेळत नाहीत. कुणाच्या तरी टिपवर शेअर घेणारी हौशी माणसेही बाजारात भरपूर आहेत आणि मॅनेजर त्यांच्यावर मात करू शकतात. लहान आणि मध्यम कंपन्यांत अभ्यास करणारे कमी, माहिती कमी, म्हणून तिथे चांगल्या मॅनेजरला अजून वाव आहे. तिथले निकाल संमिश्र येतात.

मोठ्या कंपन्यांत मात्र हा वाव आटला आहे. रिलायन्स किंवा इन्फोसिसबद्दल इतरांना माहीत नसलेले असे फंड मॅनेजरला काय कळणार? स्पिवा नावाचा एक अहवाल सक्रिय फंडांची तुलना निर्देशांकाशी करतो. भारतातल्या लार्ज-कॅप फंडांपैकी निम्म्याहून जास्त फंड दहा वर्षांच्या टप्प्यात निर्देशांकाच्या मागे राहिल्याचे तो दाखवतो.

पूर्वी असे चित्र दिसत नव्हते, त्यालाही कारण आहे. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले. लार्ज-कॅप म्हणवणाऱ्या फंडाला किमान 80 टक्के पैसे पहिल्या 100 कंपन्यांतच ठेवणे भाग पडले. त्याआधी काही फंड नावाला मोठ्या कंपन्यांचे असत, पण मध्यम कंपन्या घेऊन निर्देशांकाच्या पुढे जात. शिवाय फेब्रुवारी 2018 पासून तुलना 'टीआरआय'शी, म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करणे सक्तीचे झाले. त्याआधी फंडाला लाभांश मिळायचा आणि निर्देशांकात तो धरला जात नसे. हे म्हणजे एका मुलाला ग्रेस मार्क देऊन दुसऱ्याशी तुलना करण्यासारखे होते. ग्रेस मार्क काढले आणि खरा निकाल दिसला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कोट्यवधी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी सांभाळणाऱ्या ईपीएफओने ऑगस्ट 2015 पासून शेअर बाजारात पैसे घालायला सुरुवात केली. त्यांनी ते निफ्टी आणि सेन्सेक्सची नक्कल करणाऱ्या ईटीएफमधून घातले, शेअर निवडणारा मॅनेजर शोधत बसले नाहीत.

"पण सर, हा फंड पाच वर्षं पुढं आहे की," असे म्हणत त्याने कागद पुढे केला. मी त्याला म्हटले, वर्गातला यंदाचा पहिला नंबर दहावीलाही पहिलाच येईल हे तू लिहून देशील का? पाच वर्षांपूर्वी जे फंड पहिल्या रांगेत होते त्यांची यादी कुणी तुला दाखवत नाही. आज जे पुढे आहेत त्यांचीच दाखवतात. पुढच्या 20 वर्षांचा विजेता आज ओळखायची खात्रीची रीत कुणाकडे नाही. फी मात्र आजच माहीत असते.

इंडेक्स फंड म्हणजे सुरक्षित फंड नव्हे

इथे नवख्याची सर्वात मोठी चूक होते. इंडेक्स फंड स्वस्त असतो, म्हणून तो पडत नाही असे नाही. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,362 वर बंद झाला होता. 23 मार्च 2020 ला तो 7,610 वर आला. दोन-अडीच महिन्यांत शंभराचे 62 झाले. इंडेक्स फंडात रोकड बाजूला ठेवणारा कुणी नसतो, म्हणून पडझड पूर्ण सोसावी लागते. त्या वेळी घाबरून ज्यांनी एसआयपी बंद केली त्यांनी स्वस्तात मिळणारी युनिटे सोडली. म्हणून सात-दहा वर्षे हात न लावता येणारे पैसेच इथे घालायचे. बहिणीच्या पुढच्या वर्षीच्या निकाहचे पैसे इथे घालू नयेत.

यादीत बिघडलेली कंपनी असेल तर ती बाहेर पडेपर्यंत तिच्याबरोबर घसरावेही लागते. येस बँक निफ्टीत होती, मार्च 2020 मध्ये ती काढली गेली. तोवर तिच्या शेअरची बरीचशी पडझड होऊन गेली होती. मात्र ती एका कंपनीएवढीच झळ होती, कारण बाकीच्या 49 कंपन्या होत्या.

तिसरा धोका नावाचा. आजकाल अमुक क्षेत्राचा इंडेक्स, तमुक थीमचा इंडेक्स असे शेकडो फंड निघाले आहेत. नावात इंडेक्स आहे, पण 50 मोठ्या कंपन्यांचा पसारा त्यात नाही. गेल्या वर्षी जे क्षेत्र वर गेले त्याचाच इंडेक्स फंड यंदा विकायला येतो. नवख्याने इंडेक्स म्हणजे निफ्टी 50 किंवा सेन्सेक्स एवढेच समजावे.

आणि दोन निफ्टी फंडांतून एक निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात. एक, एकूण खर्च. दुसरी, 'ट्रॅकिंग डिफरन्स', म्हणजे फंडाचा परतावा निफ्टीच्या टीआरआयपेक्षा किती मागे राहिला. तो खर्चाएवढाच मागे असेल तर नक्कल नीट चालली आहे. खर्च 0.2 टक्के आणि फंड मागे 0.7 टक्के, असे दिसले तर कुठेतरी ढिलाई आहे. हे आकडे फंड कंपनीच्या संकेतस्थळावर असतात.

खर्च पाहण्याच्या रीतीतही बदल झाला आहे. सेबीने डिसेंबर 2025 मध्ये मंजूर केलेल्या आणि 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत फंडाची मूळ फी आणि सरकारी कर वेगळे केले आहेत. इंडेक्स फंडाच्या मूळ फीची कमाल मर्यादाही एक टक्क्यावरून 0.9 टक्के केली आहे. म्हणून जाहिरातीत मूळ फीचा छोटा आकडा दिसला तर त्यावर थांबू नये, कर धरून एकूण किती ते पाहावे.

आणि व्याजाचा प्रश्न

इथवर हिशेब सरळ होता. मग विद्यार्थी जरा थांबला आणि म्हणाला, "सर, निफ्टीत बँका पण असतील ना? अब्बा विचारतील."

आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत. निफ्टी 50 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांचे वजन सुमारे एक तृतीयांश असते. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक तर सर्वात मोठ्या वजनाच्या नावांत आहेत. सिगारेट बनवणारी आयटीसीही यादीत आहे. म्हणजे दोन हजारांतले सहा-सातशे रुपये व्याजाच्या धंद्यात जातात. इंडेक्स फंडात "हे सोडून बाकीचे द्या" असे म्हणता येत नाही. जिथे निवडच नाही तिथे गाळणीही नाही.

ज्यांना ही गाळणी हवी त्यांच्यासाठी शरिया निर्देशांक आहेत. निफ्टी 50 शरिया आणि निफ्टी 500 शरिया हे त्यातले दोन. छाननी दोन पायऱ्यांत होते. आधी बँका, विमा, दारू, तंबाखू, जुगार असे धंदे बाहेर. मग उरलेल्या कंपन्यांचे ताळेबंद पाहतात. व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या साधारण पाव हिश्श्याच्या आत हवे आणि व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आत. जे थोडे व्याज उरते तेवढा वाटा सदका करून काढून टाकावा, असे बरेच उलमा सांगतात. या बाबतीत मतभेद आहेत, आपल्या आलिमांना विचारावे. तो अधिकार माझा नाही.

या निकषांवर चालणारे फंड आपल्या देशात मोजकेच आहेत. 2014 मध्ये एका मोठ्या सरकारी बँकेच्या म्युच्युअल फंडाने शरिया फंड जाहीर केला होता, पण विक्री सुरू व्हायच्या तोंडावर तो पुढे ढकलला गेला. आज जुन्यांपैकी टाटा एथिकल फंड आणि टॉरस एथिकल फंड आहेत. हे दोन्ही सक्रिय फंड आहेत, म्हणजे मॅनेजर आला आणि त्याची फीही आली.

निर्देशांकाची नक्कल करणारा पर्याय म्हणजे निप्पॉन इंडिया ईटीएफ निफ्टी 50 शरिया बीज, जो 2009 पासून आहे. पण ईटीएफ शेअरसारखा बाजारात घ्यावा लागतो. त्यासाठी डिमॅट खाते लागते आणि दर महिन्याची खरेदी ब्रोकरमार्फत करावी लागते. घेणारे-विकणारे कमी असले की खऱ्या किमतीपेक्षा महाग घेतले जाण्याची किंवा स्वस्त विकले जाण्याची भीती असते. म्हणून ऑर्डर भाव लिहूनच द्यावी, बाजारभावाने देऊ नये. शिवाय 50 तून बँका वगैरे गाळल्यावर फार थोडी नावे उरतात आणि सॉफ्टवेअर, औषधे, रोजच्या वापराच्या वस्तू अशा क्षेत्रांचे वजन फुगते. पसारा कमी, म्हणून हेलकावे वेगळे.

म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी "इंडेक्स की सक्रिय" हा प्रश्न जगाला पडतो तसा राहत नाही. गाळणी हवी असेल तर बहुधा सक्रिय फंडाची जास्त फी द्यावी लागते. ती द्यायला हरकत नाही, पण कशासाठी देतो आहोत हे ठाऊक असावे. ती फी मॅनेजरच्या हुशारीची नाही, गाळणीची आहे.

मग असा फंड चांगला चालला की वाईट, हे कसे ओळखायचे? इथे बहुतेक जण निफ्टी 50 शी तुलना करतात आणि फसतात. ज्या वर्षी बँकांचे शेअर पडतात त्या वर्षी बँका नसलेला फंड आपोआप पुढे दिसतो. ज्या वर्षी बँका धावतात त्या वर्षी तोच फंड मागे पडतो. दोन्ही वेळा मॅनेजरचे कर्तृत्व किंवा चूक काही नसते. त्याची खरी परीक्षा निफ्टी 500 शरियाच्या टीआरआयशी, कारण तिथेही तीच गाळणी आहे. पाच-सात वर्षे पाहा. फंड त्याच्याही मागे सतत राहत असेल तर मॅनेजर फीच्या मोबदल्यात काही देत नाही असे समजा.

आम्ही काय ठरवले

त्याला व्याजाची गाळणी हवी होती. डिमॅट आणि दर महिन्याची ऑर्डर त्याला झेपणार नव्हती. म्हणून आम्ही शरिया निकषांचा सक्रिय फंड धरला, पण बँकेतून नाही, फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून. फॉर्म भरताना नावापुढे `Direct Plan - Growth` आहे ना, हे दोनदा पाहिले. वरच्या हिशेबात दुसरा आकडा आणि तिसरा आकडा यांच्यात 1 लाख 91 हजारांचा फरक होता, तो एवढ्या एका शब्दाचा. ज्याला या गाळणीची गरज वाटत नाही, अशा नवख्याला मी निफ्टी 50 इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅनच सांगेन.

एसआयपी दोन हजारांची न करता दीड हजारांची केली. शिक्षण सेवकाची पहिली तीन वर्षे मानधनाची असतात आणि शाळांचे पगार कधी वेळेवर होतात, कधी नाही. म्हणून हप्त्याची तारीख एक न ठेवता 15 ठेवली. खात्यात पैसे नसले तर बँक मॅन्डेट परत गेल्याचा दंड लावते आणि महिन्याचा हप्ता सलग तीनदा चुकला की एसआयपीच रद्द होते. उरलेले पाचशे साध्या बचत खात्यात, अडीनडीसाठी.

ज्यांची एसआयपी आधीच चालू आहे त्यांनी आज एवढेच करावे. खात्याचे स्टेटमेंट काढून बघा. `ARN` ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तुम्ही रेग्युलर प्लॅनमध्ये आहात. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये एजंटाला किती रुपये कमिशन गेले तेही लिहिलेले असते. तो एजंट तुम्हाला पडत्या बाजारात धीर देत असेल, कागदपत्रे सांभाळत असेल, तर त्याचा मोबदला त्याला जरूर मिळावा. पण फॉर्मवर सही घेतल्यावर पुन्हा तोंडच दाखवत नसेल, तर पुढचा हप्ता डायरेक्टमध्ये सुरू करा. जुनी युनिटे लगेच विकू नका. एक वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या युनिटांवर वर्षाचा नफा सव्वा लाखाच्या वर गेला की 12.5 टक्के कर लागतो आणि वर्ष पूर्ण झालेले नसेल तर जास्त. एक्झिट लोड आहे का तेही पाहा. मग टप्प्याटप्प्याने काढा.

जाताना पोराने विचारले, "सर, फंड बरोबर निवडला ना आपण?" मी म्हटले, ते दहा वर्षांनी कळेल. आज एवढेच माहीत आहे की आपण फी किती देतो आणि कशासाठी देतो. त्याने वहीतले ते पान फाडून घेतले, घरी अब्बांना दाखवायला.